एकच टेम्पो, घसाऱ्याचे दोन हिशेब

अकरावीच्या पुस्तपालनात घसाऱ्याचा धडा येतो आणि त्यातला एक प्रश्न वर्षानुवर्षे परीक्षेत टिकून आहे : स्थिर हप्ता पद्धत आणि ऱ्हासमान शेष पद्धत यांतील फरक सांगा. उत्तरही ठरलेले असते. पहिल्या पद्धतीत दरवर्षीचा घसारा सारखा राहतो, दुसरीत तो कमी कमी होत जातो. पहिलीत मालमत्तेची पुस्तकी किंमत शून्यावर येऊ शकते, दुसरीत कधीच येत नाही. मुले हे पाठ करतात आणि गुण मिळवतात. पण एकाच मालमत्तेला या दोन पद्धती शेजारी शेजारी लावून, तिच्या खरेदीपासून विक्रीपर्यंत आकडे मांडून पाहिले तर या तक्त्यात न बसणारे बरेच काही दिसते. शिवाय पुस्तकांतली बरीच उदाहरणे ही तुलना ज्या रीतीने मांडतात, ती रीतच चुकीची आहे असे माझे मत आहे. ते का, हे एका टेम्पोच्या हिशेबातून पाहू.

समजा, बारामतीच्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्याने दुकानांना माल पोचवण्यासाठी १ एप्रिलला छोटा टेम्पो घेतला. शोरूममधली किंमत ५,४०,००० रुपये. मागचा हौदा बांधून घ्यायला ४५,००० लागले. आरटीओची नोंदणी आणि एकरकमी रस्ता कर मिळून ४०,०००. पहिल्या वर्षाचा विमा २८,०००. गाडी रस्त्यावर येईपर्यंत खिशातून गेले ६,५३,००० रुपये. (जीएसटीचा परतावा त्याने वेगळा घेतला असे धरू, तो घेतला की कराची ती रक्कम किमतीत धरता येत नाही.)

आता टेम्पो खात्याच्या नावे बाजूला किती लिहायचे? इथे पहिली चूक होते. वाहन कामाला लागण्याच्या स्थितीत येईपर्यंत जो खर्च होतो तो सगळा त्याच्या किमतीत जातो : हौदा, नोंदणी, रस्ता कर. विमा मात्र त्या एका वर्षापुरता आहे, पुढच्या वर्षी तो पुन्हा भरावा लागणार. म्हणून तो विमा खात्याला, त्या वर्षीचा महसुली खर्च. म्हणजे टेम्पोची किंमत ६,२५,००० रुपये. हाच आकडा चुकला तर पुढची पाच वर्षे दोन्ही पद्धतींनी चुकीचीच उत्तरे येतील. गणितात ‘वाहतूक खर्च’, ‘उभारणी खर्च’ असे शब्द पेरलेले असतात ते यासाठीच.

किमतीनंतर दोन अंदाज लागतात. टेम्पो किती वर्षे वापरायचा आणि तेव्हा तो विकून किती येतील. आपला व्यापारी म्हणतो, पाच वर्षांनी गाडी काढून टाकायची आणि तेव्हा सुमारे दोन लाख यावेत. आकडेमोड स्वच्छ राहावी म्हणून ही अवशिष्ट किंमत आपण २,०४,८०० धरू. हा आकडा मुद्दाम निवडला आहे, कारण पुढे कळेल.

म्हणजे पाच वर्षांत खर्ची टाकायची रक्कम ६,२५,००० वजा २,०४,८००, अर्थात ४,२०,२०० रुपये. घसाऱ्याचे सगळे काम एवढेच आहे : ही रक्कम पाच वर्षांवर वाटायची. घसारा म्हणजे गाडीची बाजारातली किंमत मोजणे नव्हे आणि नव्या गाडीसाठी पैसे साठवणेही नव्हे. घसाऱ्याची नोंद केल्याने बँकेतला एक रुपयाही हलत नाही. पैसे पहिल्याच दिवशी गेले. त्यांतला किती भाग कोणत्या वर्षाच्या नफ्यातून वजा करायचा, हे घसारा ठरवतो. नोंदही दोन्ही पद्धतींत तीच : घसारा खाते नावे, टेम्पो खाते जमा, मग वर्षअखेरीस घसारा नफा-तोटा खात्याला नेऊन संपवायचा. बदलते ती फक्त रक्कम.

स्थिर हप्ता पद्धतीत वाटप सरळ आहे. ४,२०,२०० भागिले पाच, वर्षाला ८४,०४० रुपये. आलेखावर पुस्तकी किंमत काढली तर एक तिरपी सरळ रेषा मिळते, म्हणून हिला सरळ रेषा पद्धतही म्हणतात.

ऱ्हासमान शेष पद्धतीत दर ठरलेला असतो, पण तो मूळ किमतीवर न लावता वर्षाच्या सुरुवातीला शिल्लक असलेल्या किमतीवर लावतात. आपल्या टेम्पोसाठी हा दर २० टक्के येतो. पहिल्या वर्षी ६,२५,००० चे २० टक्के, म्हणजे १,२५,०००. उरले पाच लाख. दुसऱ्या वर्षी त्या पाच लाखांचे २० टक्के, एक लाख. उरले चार लाख. असे करत पाचव्या वर्षाच्या शेवटी काय उरते ते पाहा.

| वर्ष | स्थिर हप्ता : घसारा | वर्षअखेरची किंमत | ऱ्हासमान शेष : घसारा | वर्षअखेरची किंमत |
|---|---|---|---|---|
| १ | ८४,०४० | ५,४०,९६० | १,२५,००० | ५,००,००० |
| २ | ८४,०४० | ४,५६,९२० | १,००,००० | ४,००,००० |
| ३ | ८४,०४० | ३,७२,८८० | ८०,००० | ३,२०,००० |
| ४ | ८४,०४० | २,८८,८४० | ६४,००० | २,५६,००० |
| ५ | ८४,०४० | २,०४,८०० | ५१,२०० | २,०४,८०० |

दोन्ही वाटा ६,२५,००० पासून निघाल्या आणि २,०४,८०० ला येऊन मिळाल्या. दोन्हींचा एकूण घसारा ४,२०,२००. फरक फक्त मधल्या वाटेत आहे. पहिली दोन वर्षे ऱ्हासमान शेषाचा घसारा जास्त, तिसऱ्या वर्षापासून स्थिर हप्त्याचा जास्त. पुस्तकी किमतींतली तफावत दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सर्वांत मोठी होते, ५६,९२० रुपये. मग ती मिटत मिटत पाचव्या वर्षी शून्यावर येते.

‘शेवटी सगळे सारखेच’ असे म्हणून ही तफावत झटकता येत नाही. हा धंदा समजा दोन सख्ख्या भावांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीत आहे आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी धाकटा वेगळा झाला. घसारा कोणत्या पद्धतीने काढला यावरून त्याच्या भांडवल खात्यात २८,४६० रुपयांचा फरक पडेल. टेम्पो तोच, धंदा तोच, नफ्याच्या वाटणीचे प्रमाणही तेच. बारावीला भागीदाराच्या निवृत्तीच्या वेळी पुनर्मूल्यांकन खाते उघडायला शिकवतात, त्याचे एक कारण हेच आहे. पुस्तकी किंमत म्हणजे वाटपातून उरलेली बाकी असते. वाटणीच्या दिवशी गाडी खरोखर कितीची आहे हे त्या बाकीवरून कळत नाही, ते नव्याने ठरवावे लागते.

आता पाठ्यपुस्तकी उदाहरणांबद्दलची माझी तक्रार. वरच्या तक्त्यात दोन पद्धतींचे दर वेगळे आहेत हे कदाचित लक्षात आले नसेल. ऱ्हासमान शेषाचा दर २० टक्के. स्थिर हप्त्याचे ८४,०४० रुपये मूळ किमतीच्या टक्केवारीत मांडले तर येतात १३.४५ टक्के. दर वेगळे आहेत म्हणूनच शेवट एक आहे. पण अभ्यासाच्या पुस्तकांत गणित बहुधा असे असते : ‘यंत्रावर २० टक्के दराने (अ) स्थिर हप्ता पद्धतीने आणि (ब) ऱ्हासमान शेष पद्धतीने घसारा आकारून यंत्र खाते तयार करा.’ दोन्हींना तोच दर.

तसे करून पाहू. मूळ किमतीवर २० टक्के म्हणजे दरवर्षी १,२५,०००. पाच वर्षांत ६,२५,००० संपले, टेम्पोची पुस्तकी किंमत शून्य. ऱ्हासमान शेषाने मात्र पाच वर्षांनी २,०४,८०० शिल्लकच. म्हणजे एका खात्यात गाडी फुकटात गेली असे धरले आणि दुसऱ्यात ती दोन लाखांना जाईल असे धरले. या दोन पद्धतींची ही तुलना नव्हेच. गाडीच्या आयुष्याबद्दलच्या दोन वेगळ्या अंदाजांची ती तुलना आहे.

परिणाम काय होतो तेही पाहा. त्याच पुस्तकात फरकाच्या तक्त्यात लिहिलेले असते की ऱ्हासमान शेष पद्धतीत सुरुवातीच्या वर्षांत घसारा जास्त असतो. मुलगी गणित सोडवते. पहिल्या वर्षी दोन्हीकडे १,२५,०००. दुसऱ्या वर्षी स्थिर हप्त्याने १,२५,०००, ऱ्हासमान शेषाने एक लाख. तिसऱ्या वर्षी १,२५,००० आणि ऐंशी हजार. ऱ्हासमान शेषाचा घसारा स्थिर हप्त्यापेक्षा जास्त असे एकही वर्ष तिला सापडत नाही. तक्ता एक सांगतो, तिने स्वतः काढलेले खाते नेमके उलटे सांगते. हुशार मूल इथे अडखळते, बाकीची पाठ करून पुढे जातात. अडखळणारे मूल बरोबर असते. ‘सुरुवातीला जास्त’ हे विधान दोन्ही पद्धती एकाच आयुष्यात त्याच अवशिष्ट किमतीपर्यंत पोचवल्या तरच खरे ठरते.

पुस्तके असे का करतात हेही समजण्यासारखे आहे. ऱ्हासमान शेषाचा योग्य दर काढायचा तर अवशिष्ट किमतीला मूळ किमतीने भागून, जितकी वर्षे तितकावा मूळ काढून, तो एकातून वजा करावा लागतो. आपल्या टेम्पोसाठी २,०४,८०० भागिले ६,२५,००० म्हणजे ०.३२७६८. याचे पाचवे मूळ ०.८, आणि एकातून ०.८ गेले की ०.२, म्हणजे २० टक्के. अवशिष्ट किंमत मुद्दाम निवडली म्हणालो ती यासाठी, की मूळ नेमके यावे. खऱ्या आयुष्यात ते असे येत नाही आणि पाचवे, दहावे मूळ हाताने काढणे अवघडच. म्हणून दर आयता दिला जातो आणि सोयीसाठी तोच दोन्हीकडे लावला जातो. पण मग एक वाक्य तरी हवे की ही गणिते नोंदीच्या सरावासाठी आहेत, पद्धतींच्या तुलनेसाठी नाहीत.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट उलगडते. अवशिष्ट किंमत शून्य धरली तर मूळ शून्याचे निघते आणि दर येतो १०० टक्के, म्हणजे पहिल्याच वर्षी सगळे खलास. शिल्लक रकमेचा ठरावीक भाग काढत राहिले की काहीतरी उरणारच. पूर्ण निकामी होणाऱ्या वस्तूला ही पद्धत म्हणूनच जमत नाही. पाच वर्षांचे पेटंट असेल तर ते सरळ रेषेनेच संपवावे लागते.

एकाच मालमत्तेला दोन दर हवेत, ही बाब आपल्या कायद्याने फार पूर्वी मान्य केली होती. १९५६ च्या कंपनी कायद्याच्या चौदाव्या परिशिष्टात घसाऱ्याचे दर शेजारी शेजारी दोन स्तंभांत छापलेले असत. एका पाळीत चालणाऱ्या सर्वसाधारण यंत्रसामग्रीला स्थिर हप्त्याने ४.७५ टक्के आणि ऱ्हासमान शेषाने १३.९१ टक्के. मोटारगाडीला ९.५ आणि २५.८९. हे आकडे पाहिल्यावर वाटते की कुणीतरी ते मनाला येतील तसे लिहिले असावेत. पण गणकयंत्र घेऊन बसा. ४.७५ टक्के वीस वर्षे काढले की ९५ टक्के संपतात, ५ टक्के उरतात. १३.९१ टक्के घटत्या शिल्लकीवर वीस वर्षे काढले की उरतात तेही ५ टक्केच. मोटारीचे ९.५ टक्के दहा वर्षांत पाचावर आणतात, २५.८९ टक्केही दहाच वर्षांत पाचावर आणतात. हे दर जोडीने काढलेले होते. आयुष्य एक, शेवट एक, वाटा दोन. मला विचाराल तर घसाऱ्याच्या धड्यात हे चार आकडे असायला हवेत. फरकाच्या दहा मुद्द्यांपेक्षा ते जास्त शिकवतात.

२०१३ च्या कंपनी कायद्याने दर छापणे सोडून दिले. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आता वर्षे दिलेली आहेत : सर्वसाधारण यंत्रसामग्रीला १५ वर्षे, आणि अवशिष्ट किंमत सामान्यतः मूळ किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त नको. दर ज्याचा त्याने काढायचा. स्थिर हप्त्याने तो ६.३३ टक्के येतो, ऱ्हासमान शेषाने १८.१० टक्के. जवळजवळ तिप्पट. कंपन्यांच्या हिशेबनिसाने जुन्या सवयीने दोन्हींना सारखा दर लावला, तर यंत्र पंधरा वर्षांनी पुस्तकात कुठे असेल याचा अंदाज आता वाचकांना येईल.

पद्धतींतला फरक सर्वांत ठळक दिसतो तो मालमत्ता मधेच विकताना. आपल्या व्यापाऱ्याला तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, ३१ मार्चला, गिऱ्हाईक मिळाले आणि टेम्पो साडेतीन लाखांना गेला. स्थिर हप्त्याच्या पुस्तकात त्या दिवशी किंमत आहे ३,७२,८८०. म्हणजे विक्रीवर २२,८८० रुपये तोटा. ऱ्हासमान शेषाच्या पुस्तकात किंमत आहे ३,२०,०००. म्हणजे ३०,००० रुपये नफा. तोच टेम्पो, तेच गिऱ्हाईक, तोच धनादेश. एका वहीत तोटा, दुसऱ्या वहीत नफा.

कुठली वही खरी? दोन्ही. व्यापाऱ्याला हा टेम्पो तीन वर्षांत खरोखर केवढ्याला पडला? ६,२५,००० ला घेतला, साडेतीन लाखांना विकला, म्हणजे २,७५,०००. स्थिर हप्त्यात तीन वर्षांचा घसारा २,५२,१२० आणि वर २२,८८० तोटा, मिळून २,७५,०००. ऱ्हासमान शेषात घसारा ३,०५,००० आणि त्यातून ३०,००० नफा वजा, पुन्हा २,७५,०००. विक्रीवरचा ‘नफा’ म्हणजे आधीच्या वर्षांत जास्त कापलेला घसारा परत आला, आणि ‘तोटा’ म्हणजे कमी कापला होता तो शेवटी भरून काढला. गाडी विकून तीस हजार कमावले असे समजून कुणी ते खर्च करू नयेत. उत्तर तपासायलाही ही बेरीज उपयोगी पडते. एकूण घसारा अधिक तोटा, किंवा वजा नफा, हे खरेदी आणि विक्रीच्या किमतींतल्या फरकाशी जुळलेच पाहिजे. जुळले नाही तर कुठल्या तरी वर्षाचा घसारा चुकला आहे.

तो बहुधा कुठे चुकतो? वर्षाच्या मधे घेतलेल्या मालमत्तेत. हाच टेम्पो १ ऑक्टोबरला घेतला असता तर पहिल्या वर्षी घसारा सहाच महिन्यांचा : स्थिर हप्त्याने ४२,०२०, ऱ्हासमान शेषाने ६२,५००. दुसऱ्या वर्षी स्थिर हप्ता पुन्हा पूर्ण ८४,०४०. ऱ्हासमान शेषात मात्र सुरुवातीची शिल्लक आता ५,६२,५०० आहे आणि तिचे २० टक्के १,१२,५००. बरीच मुले इथे सवयीने पाच लाखांवर २० टक्के काढून एक लाख लिहितात. ऱ्हासमान शेषाची एक सोपी कसोटी आहे. पूर्ण वर्षांचे घसारे एकापुढे एक ठेवा. दर २० टक्के असेल तर प्रत्येक आकडा आधीच्याच्या बरोबर ८० टक्के हवा. एक लाख, ऐंशी हजार, चौसष्ट हजार. हे प्रमाण जिथे मोडते तिथे चूक आहे, किंवा त्या वर्षी काही खरेदी-विक्री झाली आहे.

मग निवडायची कोणती? पुस्तके ऱ्हासमान शेषाच्या बाजूने सांगतात की सुरुवातीला घसारा जास्त आणि दुरुस्ती कमी, नंतर घसारा कमी आणि दुरुस्ती जास्त. त्यामुळे दोन्हींची बेरीज दरवर्षी साधारण सारखी राहते. उदाहरणातले आकडे तसे बेतता येतात. गॅरेजची बिले मात्र तशी येत नाहीत. टायर चारही एकदम बदलावे लागतात, क्लच प्लेट एखाद्या वर्षी जाते आणि पुढे दोन वर्षे काहीच निघत नाही. त्यामुळे हा युक्तिवाद मला फारसा पटत नाही. हिशेबाची मानके विचारतात तो प्रश्न अधिक नेमका आहे : या मालमत्तेपासून मिळणारा फायदा काळानुसार कसा वापरला जातो? तो दरवर्षी सारखा मिळत असेल, जसा गोदामाच्या इमारतीचा किंवा लाकडी फडताळांचा, तर सरळ रेषा. सुरुवातीला जास्त मिळत असेल तर ऱ्हासमान शेष. नवा टेम्पो पहिली वर्षे न थांबता फेऱ्या मारतो, पुढे गॅरेजमध्ये दिवस जाऊ लागतात आणि लांबच्या खेपेला त्याला पाठवायला मालक कचरतो. त्यातच वाहनाची बाजारातली किंमत पहिल्या वर्षांत सर्वांत वेगाने उतरते, त्यामुळे ऱ्हासमान शेषाची पुस्तकी किंमत बाजाराच्या जवळ राहण्याची शक्यता जास्त. टेम्पोसाठी मी तीच पद्धत निवडेन.

पण निवड एकदा करायची आणि पाळायची. मधेच पद्धत बदलली तर काय होते, हे याच टेम्पोवर दिसते. दोन वर्षे ऱ्हासमान शेष वापरून व्यापाऱ्याने तिसऱ्या वर्षी सरळ रेषेकडे जायचे ठरवले. पूर्वीच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे लेखा मानक ६ प्रमाणे, घसारा पहिल्या दिवसापासून नव्या पद्धतीने पुन्हा काढावा लागे. प्रत्यक्षात कापले होते २,२५,०००. सरळ रेषेने कापायला हवे होते १,६८,०८०. जादा गेलेले ५६,९२० रुपये बदलाच्या वर्षी नफा-तोटा खात्यात जमा. गिऱ्हाईक एकही वाढले नाही, तरी त्या वर्षीचा नफा सत्तावन्न हजारांनी फुगला. जुन्या प्रश्नसंचांत ‘पद्धत बदलल्यास’ असा जो उपप्रश्न असतो तो या नियमावर बेतलेला आहे.

२०१६ मध्ये लेखा मानक १० सुधारून आले, त्यात मानक ६ विलीन झाले आणि हा नियम गेला. आता पद्धतीतला बदल हा अंदाजातला बदल मानतात आणि त्याचा परिणाम फक्त पुढच्या वर्षांवर होतो. शिल्लक चार लाख, त्यातून अवशिष्ट २,०४,८०० वजा, उरलेल्या तीन वर्षांवर वाटप : वर्षाला सुमारे ६५,०६७ रुपये. मागचे उकरायचे नाही, कागदी नफाही नाही. मला हा नियम अधिक प्रामाणिक वाटतो. जुनी पुस्तके वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपला अभ्यासक्रम कोणता नियम मागतो हे आधी पाहून घ्यावे.

आयकरात मात्र निवडीचा प्रश्न फारसा उरतच नाही. वीजनिर्मिती करणाऱ्या उद्योगांना दिलेली मुभा सोडली तर तिथे ऱ्हासमान शेषच चालतो, आणि तोही एकेका वस्तूवर न लावता सारख्या दराच्या मालमत्तांच्या गटावर. स्वतःचा माल वाहणाऱ्या टेम्पोला १५ टक्के, भाड्याने मालवाहतूक करण्याचा धंदा असेल तर ३० टक्के. खरेदीच्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी असेल तर निम्मा. गटातली एखादी गाडी विकली तर तिची रक्कम गटाच्या शिल्लकीतून वजा होते. गटात इतर मालमत्ता आणि शिल्लक आहे तोवर वेगळा नफा-तोटा निघत नाही. म्हणून बऱ्याच धंद्यांत एकाच टेम्पोचे दोन हिशेब खरोखरच चालू असतात, एक आपल्या वहीत आणि एक विवरणपत्रात, आणि दोन्हींतला नफा वेगळा दिसतो. त्यात गैर काहीच नाही.

शिक्षकांना एक विनंती आहे. हा धडा शिकवताना सारख्या दराची गणिते सरावाला जरूर द्या, पण त्याआधी एक तरी मालमत्ता अशी द्या जी दोन्ही पद्धतींनी एकाच किमतीला पोचते. वरचा टेम्पो वापरायला हरकत नाही. आणि ज्यांनी शेअरमध्ये पैसे घातले आहेत त्यांनी कंपनीच्या वार्षिक अहवालात नफ्याचा आकडा पाहिल्यावर पाने उलटून लेखाधोरणांची टिपणेही वाचावीत. घसाऱ्याची पद्धत कोणती आणि यंत्रांचे आयुष्य किती वर्षे धरले आहे, हे तिथे दिलेले असते. एकाच धंद्यातल्या दोन कंपन्यांचा नफा तोलण्याआधी या दोन नोंदी जुळतात का ते पाहा.